पहिला तास कोणाचा बुडतो? एका लघुशोधप्रबंधातील नमुन्याच्या आकाराचे प्रकरण

तालुक्याच्या गावातील एका वरिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने लघुशोधप्रबंधासाठी असा विषय घेतला की, आपल्या महाविद्यालयातील पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचा सकाळचा पहिला तास आठवड्यातून किमान दोनदा बुडतो आणि त्यामागे एस.टी.च्या वेळापत्रकाचा वाटा किती आहे. महाविद्यालय आणि विद्यार्थिनी अनामिक असून येथील आकडे समजावून सांगण्यासाठी बेतलेले आहेत. मात्र अडचणी ज्या क्रमाने येतात तो क्रम अशा बहुतेक प्रबंधांत थोड्याफार फरकाने असाच असतो.

संशोधन आराखड्यात तिने "नमुना : १०० विद्यार्थी" एवढेच लिहिले होते. आराखडा तपासणाऱ्या समितीने विचारले, शंभरच का? तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण मागील वर्षांच्या प्रबंधांत शंभर असत म्हणून तिनेही शंभर धरले होते. वर्गातील एका मित्राने समष्टीच्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सर्व विद्यार्थ्यांच्या, दहा टक्के घ्यावेत असे सुचवले. दुसऱ्याने इंटरनेटवर सापडलेला ३८४ हा आकडा दिला. तिन्ही आकड्यांतील दोष एकच होता : निष्कर्ष किती नेमका हवा आहे, हे कोणीही आधी ठरवले नव्हते.

मार्गदर्शक सरांनी तिला प्रथम हेच ठरवायला सांगितले. "तुझ्या अहवालात शेवटी एक वाक्य असणार आहे की अमुक टक्के विद्यार्थ्यांचा पहिला तास बुडतो. त्या टक्क्याच्या मागेपुढे किती चूक चालेल, ते मला आधी सांग," असे ते म्हणाले. या मागेपुढे चालणाऱ्या चुकीलाच त्रुटीची मर्यादा म्हणतात. उत्तर तीस टक्के आले आणि मर्यादा पाच टक्के असली, तर खरे प्रमाण पंचवीस ते पस्तीस टक्क्यांच्या दरम्यान आहे असे म्हणता येते. किती विश्वासाने म्हणता येते, ते विश्वासपातळी सांगते. पंचाण्णव टक्के विश्वासपातळीचा अर्थ असा की, याच पद्धतीने याच महाविद्यालयातून पुन्हापुन्हा नमुने काढत राहिल्यास त्यांतून तयार होणाऱ्या अशा पट्ट्यांपैकी सुमारे पंचाण्णव टक्के पट्ट्यांत खरे प्रमाण सापडेल. "आमचे निष्कर्ष ९५ टक्के बरोबर आहेत" हे वाक्य प्रबंधांत सर्रास आढळते. त्याचा या संकल्पनेशी संबंध नाही.

या दोन निर्णयांखेरीज सूत्राला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे अपेक्षित प्रमाण. हे विचित्र वाटते, कारण जे शोधायचे तेच आधी विचारले जाते. पण नमुन्याचा आकार उत्तरे किती विखुरलेली आहेत यावर अवलंबून असतो. सगळेच विद्यार्थी वेळेवर येत असतील, तर दहा जणांना विचारूनही ते कळेल. अर्धे येत असतील आणि अर्धे नसतील, तेव्हा सर्वांत मोठा नमुना लागतो. म्हणून प्रमाण ठाऊक नसेल तेव्हा ०.५ धरण्याची पद्धत आहे. नमुना गरजेपेक्षा थोडा मोठा होईल, पण लहान पडणार नाही.

मोठ्या समष्टीसाठी विल्यम कॉक्रन यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आणि मर्यादित समष्टीसाठीची दुरुस्ती अशी आहे :

```
n0 = z^2 * p * (1 - p) / e^2
n  = n0 / (1 + (n0 - 1) / N)
```

येथे `z` हा विश्वासपातळीवरून येणारा गुणक आहे. तो नव्वद टक्क्यांसाठी १.६४५, पंचाण्णवसाठी १.९६ आणि नव्याण्णवसाठी २.५७६ असतो. `p` हे अपेक्षित प्रमाण, `e` ही त्रुटीची मर्यादा आणि `N` ही समष्टीतील एकूण संख्या. पंचाण्णव टक्के विश्वास आणि पाच टक्के मर्यादा धरल्यास पहिल्या ओळीतून ३८४.१६ येतात. इंटरनेटवरचा ३८४ तो हाच. तो समष्टी फार मोठी मानून काढलेला असतो, आणि काटेकोरपणे पाहिले तर अपूर्णांक नेहमी वर न्यायचा असल्याने तो ३८५ असायला हवा.

महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळालेल्या यादीत पदवीचे २,४६० विद्यार्थी होते : कला शाखेत १,१२०, वाणिज्य शाखेत ८६० आणि विज्ञान शाखेत ४८०. दुसऱ्या ओळीत ही संख्या घातल्यावर उत्तर ३३२.४ म्हणजे ३३३ आले. समष्टी दहापट, म्हणजे २४,६०० असती, तरी नमुना ३७९ लागला असता, दहापट नव्हे. "दहा टक्के घ्या" हा सल्ला येथेच कोसळतो, कारण तो नमुन्याचा आकार समष्टीच्या प्रमाणात वाढवतो आणि सूत्र तसे वाढवत नाही. दहा टक्क्यांनी तिला २४६ मिळाले असते, म्हणजे कमी. मोठ्या विद्यापीठात त्याच नियमाने हजारो प्रश्नावल्या विनाकारण भरून घ्याव्या लागल्या असत्या. आराखड्यातील शंभर विद्यार्थ्यांवर दुरुस्तीसह त्रुटीची मर्यादा सुमारे ९.६ टक्के आली असती. तो नमुना चुकीचा होता असे नाही, पण "तीस टक्के" लिहिताना तिला "वीस ते चाळीसच्या दरम्यान" असे वाचावे लागले असते.

विभागातील एका प्राध्यापकांनी यामाने यांचे १९६७ चे सूत्र वापरायला सांगितले. आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांच्या आणि वाणिज्याच्या प्रबंधांत ते सर्वाधिक दिसते, बऱ्याचदा स्लोव्हिन या नावाने.

```
n = N / (1 + N * e^2)
```

त्यातून ३४५ आले आणि विद्यार्थिनी गोंधळली. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी? फरक फक्त एवढाच की, यामाने यांच्या सूत्रात गुणक १.९६ ऐवजी २ आणि प्रमाण ०.५ आधीच गृहीत धरलेले आहे. दोन्ही उत्तरे व्यवहारात सारखीच मानावीत. धोका वेगळाच आहे. या सूत्रात विश्वासपातळीसाठी जागा नसल्याने कित्येक विद्यार्थी `e` म्हणजेच "शंभर वजा विश्वासपातळी" असे समजतात आणि नव्याण्णव टक्के विश्वास हवा म्हणून ०.०१ घालतात. तसे केल्यास या महाविद्यालयात जवळपास दोन हजार विद्यार्थी विचारावे लागतील. खरे तर नव्याण्णव टक्के विश्वास आणि पाच टक्के मर्यादा यांसाठी वरच्या पूर्ण सूत्रातून ५२३ पुरतात. पाच टक्के मर्यादा आणि पंचाण्णव टक्के विश्वास यांची बेरीज शंभर होते हा निव्वळ योगायोग आहे. त्या दोन स्वतंत्र निवडी आहेत.

येथवर सूत्राचे काम झाले आणि बहुतेक प्रबंध येथेच थांबतात. या प्रकरणाचा खरा गाभा मात्र यापुढे आहे, कारण सरांनी तिला उद्दिष्टांचे पान पुन्हा काढायला सांगितले. दुसरे उद्दिष्ट होते : "कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतील प्रमाणांची तुलना करणे." कला आणि वाणिज्य शाखांचा पहिला तास साडेसातला, तर विज्ञानाचा साडेआठला असल्याने ही तुलना अर्थपूर्ण होती, कारण गावातून सुटणारी मुक्कामी गाडी चुकली की साडेसात गाठणे कठीण, पण साडेआठ गाठता येतात. ३३३ विद्यार्थी शाखांच्या प्रमाणात वाटले, तर कलेचे १५२, वाणिज्याचे ११६ आणि विज्ञानाचे ६५ होतात. या ६५ जणांवरून विज्ञान शाखेबद्दल काही म्हणायचे, तर त्रुटीची मर्यादा पाच टक्के राहत नाही, ती ११.३ टक्के होते. संपूर्ण महाविद्यालयासाठी मोजलेला नमुना शाखेसाठी तोकडा पडतो. नमुन्याचा आकार समष्टीसाठी नव्हे, तर अहवालात जे सर्वांत लहान गट स्वतंत्रपणे मांडायचे आहेत त्यांच्यासाठी मोजावा लागतो, हे प्रबंध लिहिणाऱ्यांना सहसा तक्ते तयार करताना कळते. तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रत्येक शाखेसाठी पाच टक्के मर्यादा ठेवली असती, तर आकडा तिच्या आवाक्याबाहेर गेला असता. तिने शाखेसाठी सात टक्के स्वीकारले. दुरुस्तीपूर्वीचा आकडा १९६ येतो. दुरुस्तीनंतर कलेचे १६७, वाणिज्याचे १६० आणि विज्ञानाचे १४० मिळून ४६७ होतात. शाखांचे आकार इतके वेगळे असूनही तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, त्याचे कारण वर आलेच आहे. या नमुन्यातून संपूर्ण महाविद्यालयासाठीची मर्यादाही सुमारे ४.२ टक्क्यांवर येत होती, म्हणजे मूळ पाच टक्क्यांची अट आपोआप पूर्ण होत होती. एक गोष्ट मात्र सरांनी तेव्हाच बजावली. दोन शाखांच्या प्रमाणांमधील फरक मोजताना दोघांची अनिश्चितता एकत्र येते. प्रत्येकी सात टक्क्यांच्या दोन अंदाजांतील फरकाची मर्यादा सुमारे दहा टक्के असते. त्यामुळे चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला, तर त्यावर पान लिहायचे नाही.

४६७ भरलेल्या प्रश्नावल्या हव्यात, याचा अर्थ ४६७ विद्यार्थी निवडावेत असा नाही. यादीतून निवडलेले सगळे सापडत नाहीत. पूर्वचाचणीत तिने यादीतून चाळीस नावे काढली आणि त्यांपैकी ३१ जणांची माहिती मिळाली. हा दर साडेसत्त्याहत्तर टक्के होतो, पण चाळीस नावांवरचा दर स्वतःच कच्चा असल्याने तिने पंचाहत्तर धरला. प्रत्येक शाखेचा आकडा ०.७५ ने भागून वर नेल्यावर २२३, २१४ आणि १८७, अशी एकूण ६२४ नावे निघाली. पूर्वचाचणीत तास बुडणाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास दिसत होते आणि ते `p` म्हणून घातले असते तर नमुना कमी करता आला असता. तिने तो मोह टाळला, हे योग्यच झाले. एकतीस जणांवरून काढलेल्या तीस टक्क्यांची स्वतःची मर्यादा सोळा टक्क्यांची असते.

नावे निवडण्यासाठी तिने कार्यालयातील शाखावार यादी एक्सेलमध्ये घेतली, शेजारच्या रकान्यात `=RAND()` भरले, आलेले आकडे मूल्य म्हणून चिकटवून गोठवले, त्यांच्या क्रमाने यादी लावली आणि प्रत्येक शाखेतील वरची ठरलेली नावे उचलली. गोठवणे महत्त्वाचे, कारण ते न केल्यास फाइल पुन्हा उघडताच आकडे बदलतात आणि नमुना कसा काढला हे नंतर दाखवता येत नाही.

ही नावे शोधायला वेळ लागणार हे दिसताच दोन पर्याय पुढे आले आणि दोन्ही आकर्षक होते. पहिला पर्याय होता वर्गात जाऊन प्रश्नावल्या वाटण्याचा. सात-आठ वर्ग घेतले की ४६७ दोन दिवसांत पूर्ण झाले असते. पण एका वर्गातील मुले एकमेकांसारखी असतात. त्यांचे वेळापत्रक तेच, शिक्षक तेच, आणि पुष्कळदा गाडीही तीच. अशा साम्यामुळे साठ जणांचा वर्ग साठ स्वतंत्र उत्तरे देत नाही. या साम्याचा गुणांक अगदी ०.०५ धरला, तरी साठच्या वर्गासाठी लागणाऱ्या नमुन्याचा फुगवटा १ + ५९ × ०.०५, म्हणजे ३.९५ होतो. तेव्हा वर्गावर्गांतून गोळा केलेल्या ४६७ प्रश्नावल्यांचे वजन यादृच्छिक निवडलेल्या सुमारे ११८ विद्यार्थ्यांएवढेच उरते. सूत्रातला आकडा साध्या यादृच्छिक निवडीसाठी असतो. निवड बदलली की आकडाही बदलतो, आणि तरीही प्रबंधांत "यामाने यांच्या सूत्रानुसार ३४५" असे लिहून प्रत्यक्षात पाच वर्गांत अर्ज वाटलेले असतात. या विषयात तर त्याहून मोठी गोची होती. पहिल्या तासाला जाऊन, पहिला तास कोणाचा बुडतो हे विचारायचे! ज्यांच्याबद्दल संशोधन आहे तेच तेथे नसणार.

दुसरा पर्याय होता गूगल फॉर्म तयार करून तो वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्याचा. त्यातून हजार उत्तरे आली असती, तरी त्यांना त्रुटीची मर्यादा लावता आली नसती, कारण कोणी भरायचे हे संशोधकाने नव्हे, भरणाऱ्याने ठरवलेले असते. १९३६ मध्ये अमेरिकेतील लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांच्या बळावर राष्ट्राध्यक्षपदी लँडन निवडून येणार असे सांगितले आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. उत्तरे कमी पडली नव्हती, ती कोणाकडून आली हे चुकले होते. विद्यार्थिनीने फॉर्म वापरला, पण निवडलेल्या नावांनाच वैयक्तिक दुवा पाठवण्यासाठी. ज्यांनी भरला नाही त्यांना तिने आणि दोन मैत्रिणींनी ग्रंथालयात, बसस्थानकावर आणि शेवटी फोनवर गाठले.

६२४ पैकी ४७१ जणांची माहिती मिळाली. कलेच्या १७१ पैकी ६२ जणांचा, वाणिज्याच्या १५८ पैकी ४९ जणांचा आणि विज्ञानाच्या १४२ पैकी ३४ जणांचा पहिला तास आठवड्यातून किमान दोनदा बुडत होता. टक्क्यांत हे ३६.३, ३१.० आणि २३.९ होतात. तिने प्रथम १४५ भागिले ४७१ करून एकूण प्रमाण ३०.८ टक्के लिहिले. ते दुरुस्त करावे लागले, कारण विज्ञान शाखेतून मुद्दाम जास्त विद्यार्थी घेतले होते आणि त्यांचे प्रमाण कमी असल्याने एकूण आकडा खाली ओढला जात होता. प्रत्येक शाखेच्या टक्क्याला महाविद्यालयातील तिच्या वाट्याने गुणून बेरीज केल्यावर ३२.० टक्के आले आणि त्यावरील मर्यादा चार टक्के. फरक सव्वा टक्क्याचाच आहे, पण शाखांमधील तफावत जास्त असती तर तो सहज दुणावला असता. असमान वाटपाचा नमुना घेणाऱ्याने हे भारांकन टाळू नये.

तुलनेच्या प्रकरणात कला आणि विज्ञान यांच्यात १२.३ टक्क्यांचा फरक दिसला. त्या फरकाची मर्यादा सुमारे ८.९ टक्के असल्याने तो ठामपणे लिहिता आला. कला आणि वाणिज्य यांच्यातील ५.३ टक्क्यांचा फरक मात्र ९.३ टक्क्यांच्या मर्यादेत बुडून गेला. मूळ मसुद्यातील "कला शाखेतील विद्यार्थी वाणिज्यापेक्षा अधिक अनियमित" हे वाक्य सरांनी काढायला लावले आणि त्या जागी, या नमुन्यावरून दोन्ही शाखांत फरक आहे असे सांगता येत नाही, असे लिहिले गेले.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी सूत्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी न सापडलेल्या १५३ जणांबद्दल विचारले. प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता, कारण जो महाविद्यालयात कमी येतो तोच सापडत नाही, आणि तोच पहिल्या तासालाही नसतो. या १५३ जणांत प्रमाण पन्नास टक्के असेल, तर एकूण आकडा बत्तीसवरून छत्तीसच्या पुढे जातो, म्हणजे जाहीर केलेल्या मर्यादेच्या बाहेर. त्रुटीची मर्यादा फक्त निवडीतील योगायोगाची चूक मोजते. न मिळालेल्या उत्तरांची चूक तिच्यात येत नाही, आणि नमुना दुप्पट केल्यानेही ती कमी होत नाही. विद्यार्थिनीने यासाठी आधीच दोन गोष्टी केल्या होत्या. फोनवर सर्वांत शेवटी मिळालेल्या विद्यार्थ्यांची उत्तरे तिने पहिल्या आठवड्यात मिळालेल्यांपासून वेगळी ठेवली होती, म्हणजे उशिरा सापडणाऱ्यांत प्रमाण चढते का ते दिसावे. शिवाय प्राचार्यांच्या परवानगीने निवडलेल्या सर्व ६२४ जणांची पहिल्या तासाची हजेरी हजेरीपटातून उतरवून घेतली होती, ज्यात उत्तर देणारे आणि न देणारे दोन्ही होते. परीक्षकांनी तो तक्ता परिशिष्टातून काढून निष्कर्षांच्या प्रकरणात घ्यायला सांगितले, आणि ३२ टक्क्यांच्या वाक्याला "माहिती न मिळालेल्यांची हजेरी कमी असल्याने प्रत्यक्ष प्रमाण याहून अधिक असण्याचा संभव आहे" ही पुस्ती जोडून प्रबंध स्वीकारला.